कच्चा डाख, पक्का डाख

सावंतवाडीतल्या आमच्या घरच्या एसीचा गॅस दुरुस्तीनंतर महिन्याभरात गेला. कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या तांब्याच्या नळीच्या सांध्याभोवती तेलकट डाग होता. साबणाचे पाणी लावताच फेस आला. सांधा कथलाच्या डाखाचा निघाला.

हा डाख सुमारे 220 अंशांना वितळतो. पाण्याच्या नळीला तो पुरतो, कारण तिथे दाब 3-4 बार असतो आणि एकात एक शिरलेल्या नळ्यांमुळे डाखाला जागा भरपूर मिळते. पण ही नळी सतत थरथरते, 80-90 अंश तापते आणि आत 25 बारांच्या आसपास दाब असतो. अशा उष्णतेत कथील ताणाखाली हळूहळू सरकते आणि शेवटी तडकते. चांदीमिश्रित डाख 600 अंशांपुढे वितळतो. त्याला 90 अंश म्हणजे थंडच.

मेस्त्रींनी कथील लागलेला तुकडा कापून टाकला. नवा सांधा आतून नायट्रोजन सोडत, तांबे लाल होईपर्यंत तापवून चांदीच्या डाखाने झाळला. नायट्रोजन नसता तर नळीत काळी खपली धरली असती आणि तिने पुढची बारीक नळी तुंबवली असती. एवढ्या आचेने तांबे मात्र मऊ पडते. म्हणून पाण्याच्या नळीला कच्चा डाखच बरा.