कापराची पुरचुंडी

चैत्रातल्या एका दुपारी मामीचा फोन आला. आईला नाही, मला.

"मेधा, घराची शाकारणी काढलीय. माळ्यावरचं सगळं खाली आणतोय. तुझ्या आजीची ट्रंक आहे, ती वन्संची. घेऊन जा बाई, गवंडी, गडी घरात असताना मला तिची काळजी वाटते."

मी तेव्हा इंदूरहून ठाण्याला आईकडे आले होते. आईला सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "नऊ वर्षांनी आठवण झाली का? आता काय उरलं असेल त्यात? रिकामी ट्रंक पाठवतील."

नऊ वर्षं आई माहेरी गेली नव्हती. आजीच्या तेराव्याला घर भरलेलं असताना तिने मामीला विचारलं होतं, "वहिनी, आईची ट्रंक उघडू या का?" आणि मामी चार लोकांत म्हणाली होती, "आत्ता नको, वन्सं." एवढंच. आजीची जांभळी पैठणी आईला मिळायची हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आईने त्या 'नको'चा अर्थ लावला आणि त्याच संध्याकाळी ती निघाली. नंतर मामीचे दोन फोन आले, ते आईने घेतले नाहीत. मामाही हट्टी. "तिला यायचं तर येईल," म्हणून तो गप्प बसला.

मी एकटीच गेले. आता संगमेश्वरपर्यंत रेल्वे आहे. आमच्या लहानपणी कोकण रेल्वे नव्हती. परीक्षा संपली की रात्रीची लाल एसटी धरायची आणि घाट उतरताना ओकत, झोपत सकाळी गाव गाठायचं.

मामा पडवीत झोपाळ्यावर बसला होता. "आलीस?" म्हणाला आणि थोड्या वेळाने, "ती कशी आहे?" एवढंच विचारलं. मामीने पाणी दिलं, कोकम सरबत दिलं आणि मला माजघरात नेलं. ट्रंक तिथे पाटावर ठेवली होती. हिरवा रंग पोपडे धरून उडालेला, कडीला तेच पितळी कुलूप. मामीने कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि ती आत चहा टाकायला गेली.

झाकण उचललं आणि कापराचा वास आला.

मी तशीच खाली बसले. त्या वासाबरोबर आधी आलं ते खळं. शेणाने सारवलेलं, दुपारी तापणारं. आम्ही सहा मावस-मामे भावंडं. आजीने ताटांना तुपाचा हात लावून आमरस पसरलेला असायचा आणि आमची नेमणूक साठं राखायला. हातात काठी, कावळा आला की हाकलायचा, आणि तो नसला की कडेचं साठं बोटाने उचकटून खायचं. पलीकडे सुपात आमसुलं. रतांब्याची सालं त्यांच्याच रसात बुडवून पुन्हा पुन्हा वाळवायची, तेव्हा कुठे ती काळी आणि मऊ होतात. त्या रसाने आमच्या फ्रॉकवर पडलेले डाग पुढच्या मेपर्यंत टिकायचे. कोठीच्या खोलीत गवतावर आंब्याची आढी, आणि रात्री तिचा वास घेत ओळीने घातलेल्या अंथरुणांवर भुताच्या गोष्टी.

पण या सगळ्यात एक दिवस ट्रंकेचा असायचा. वैशाखातला, चांगला कोरडा दिवस बघून आजी सकाळीच सांगायची, "आज ट्रंक."

पडवीत दोरी बांधायची. उन्हात नाही, सावलीत, कारण रेशमाला थेट ऊन दाखवलं तर रंग उडतो. एकेक लुगडं बाहेर यायचं, दोन-तीन तास वाऱ्यावर राहायचं. आजी पैठणी मात्र स्वतः उलगडायची. घडीच्या रेषेवरून बोट फिरवत बघायची, कुठे धागा विरलाय का. मग घडी घालताना जुन्या रेषेवर कधीच मोडायची नाही, चार बोटं सरकवून नवी घडी. "एकाच जागी वर्षानुवर्षं दुमडलं की जर तिथेच तुटते," ती सांगायची. "बाहेरून साडी धड दिसते आणि नेसायला काढली की घडीवर फाटते." पैठणी पुन्हा जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळली जायची.

मग आमचं काम. कापराच्या पुरचुंड्या. आजी जुन्या सुती लुगड्याचे चौकोनी तुकडे फाडून द्यायची. प्रत्येकात कापराच्या चार वड्या आणि सहा मिरी, आणि वर दोऱ्याची गाठ. अशा चार पुरचुंड्या, ट्रंकेच्या चार कोपऱ्यांत. कापूर जरीला लागू द्यायचा नाही, म्हणून कोपऱ्यात. कसर लागू नये म्हणून हा सगळा खटाटोप.

त्याआधी मागच्या वर्षीच्या पुरचुंड्या सोडायच्या. त्याची आम्हाला फार गंमत वाटायची, कारण आत फक्त मिरी सापडायची. कापूर गायब. गाठ तशीच, कापड कोरडं, डाग नाही, ओल नाही.

"आजी, कापूर कुणी खाल्ला?"

"कुणी खात नाही. तो उडतो. मिरी घातली की जरा थांबतो म्हणतात, पण जायचा तो जातोच. म्हणून दर वर्षी घालायचा."

पुढे शाळेत संप्लवन शिकले. घन पदार्थ द्रव न होता थेट वायू होतो. बाईंनी उदाहरण कापराचं दिलं तेव्हा वर्गात मी एकटीच हसले होते.

दिवस मावळायच्या आत ट्रंक बंद व्हायची. "एकदा पाऊस लागला की हिला हात लावायचा नाही," आजी बजावायची. "दमट हवा आत कोंडली तर बुरशी धरेल, जर काळी पडेल. मग दसरा झाल्यावरच उघडायची."

माजघरात बसून हे सगळं आठवत असताना मी पैठणी बाहेर काढली. धोतराचं फडकं तेच. घडी उलगडली. जांभळा रंग थोडा मवाळ झालेला, पदरावरचे मोर जसेच्या तसे. घडीच्या रेषेवरून बोट फिरवलं. कुठेही विरलेलं नव्हतं. शेजारी शेजारी, चार चार बोटांवर, फिकट जुन्या रेषा होत्या. मोजायला गेले नाही, पण पुष्कळ होत्या.

तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. मी कोपऱ्यातली पुरचुंडी उचलली आणि गाठ सोडली. आत सहा मिरी होती आणि कापराचे तीन-चार कण, तुरीच्या डाळीएवढे.

आजीला जाऊन नऊ वर्षं झाली होती. तिच्या हातचा कापूर असता तर आठ वर्षांपूर्वीच उडाला असता. वासही राहिला नसता.

पुरचुंडीचं कापड निळ्या फुलांचं होतं. ते कापड मी ओळखत होते. आजी कधी फुलांचं नेसली नाही. ही मामीची घरातली साडी होती.

मामी चहा घेऊन आली तेव्हा मी पुरचुंडी हातात धरून बसले होते.

"मामी, हा कापूर तू घालतेस?"

"मग कोण घालणार?" तिने कप खाली ठेवला. "दर वैशाखात काढते. यंदाचा अजून बदलायचाय, म्हणून वास जरा कमी असेल."

"नऊ वर्षं?"

"ठेव आहे ना ती वन्संची. त्यांनी कधी उघडली आणि कसर निघाली तर काय तोंड दाखवू?"

मला विचारल्याशिवाय राहवेना. "मग तेराव्याला नको का म्हणालीस गं?"

मामी पदराशी चाळा करत राहिली. "तेव्हा बाहेर धो धो पाऊस पडत होता, मेधा," ती म्हणाली. "लोक बसले होते, मला नीट बोलता आलं नाही. मग फोन केले, पण त्यांनी घेतले नाहीत. यांनी म्हटलं, जाऊ दे. मीही मग जाऊ दिलं. ते चुकलंच माझं."

झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज थांबला होता. मामा पडवीतून सगळं ऐकत होता.

ट्रंक मी आणली नाही. कुलूप लावून किल्ली मामीला परत दिली. मामाने गड्यांना हाक मारून ती शेजारच्या काकूंच्या कोरड्या खोलीत ठेवायला लावली, आणि स्वतः बरोबर गेला. मी फक्त ती एक पुरचुंडी स्टीलच्या छोट्या डबीत घट्ट बंद करून घेतली.

ठाण्याला पोहोचले तेव्हा आई दारातच उभी होती. मोकळे हात बघून म्हणाली, "दिली नाही ना? मला माहीतच होतं."

मी डबी तिच्या हातात दिली. तिने झाकण काढलं आणि वास येताच ती खुर्चीत बसली. खूप वेळ काही बोलली नाही. मग गाठ सोडली, कण तळहातावर घेतले, निरखून पाहिले.

"हा आईच्या हातचा नाही," ती म्हणाली. "हा गेल्या वैशाखातला."

"हो."

तिने कापडाचा तुकडा उलटसुलट करून पाहिला. "वहिनी घालते?"

"दर वर्षी. घडीही बदलते. पैठणी कुठेही विरलेली नाही, मी बोट फिरवून बघितलं."

आईने कण पुन्हा कापडात ठेवले. गाठ मारताना तिची बोटं जरा थरथरत होती.

"मी विचारलं तिला," मी म्हणाले, "तेराव्याला ट्रंक का उघडू दिली नाहीस म्हणून. ती म्हणाली, बाहेर धो धो पाऊस पडत होता."

आईचा हात थांबला. ती भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बघत राहिली, जणू नऊ वर्षांपूर्वीचं पान तिथे लावलं होतं.

"आषाढ होता," ती हळूच म्हणाली. "अगं, आषाढ होता तो. आषाढात ट्रंक उघडायची नाही हे मीच वहिनीला शिकवलं होतं. नवी नवरी आली होती ती, तेव्हा."

मी काही बोलले नाही. आईने डोळे पुसले, चष्मा लावला, उठून कालनिर्णय खाली काढलं आणि पान उलटलं.

"वैशाख कधी लागतो ते बघ," ती म्हणाली. "आणि वहिनीला फोन लाव. कापूर मी घेऊन येते म्हणावं. मिरी तिकडचीच चांगली."