कर्नाटक पासिंगची गाडी पुण्यात आणताना

तेच मॉडेल, तेच साल, जवळपास तितकीच धावलेली. तरीही कर्नाटक पासिंगची गाडी महाराष्ट्र पासिंगच्या गाडीपेक्षा पुण्याच्या बाजारात स्वस्त मिळते. या स्वस्ताईचं मुख्य कारण रोड टॅक्स हे आहे. पहिल्या मालकाने गाडी घेताना पुढच्या अनेक वर्षांचा कर एकदम भरलेला असतो, पण तो कर्नाटकाच्या तिजोरीत. गाडी कायमची महाराष्ट्रात आली की इथला कर नव्याने भरावा लागतो.

समजा, 2019 मध्ये बंगळुरूच्या जयनगर आरटीओत, म्हणजे केए-05 मालिकेत, नोंदलेली पेट्रोल हॅचबॅक आहे. शोरूममधली तिची किंमत 8 लाख होती आणि चिंचवडच्या गृहस्थांशी सौदा ठरतोय साडेतीन लाखांना. पाच ते दहा लाखांच्या गाडीला कर्नाटकात 14 टक्के कर लागतो, म्हणजे पहिल्या मालकाने सेस धरून 1 लाख 12 हजारांच्या वरच रक्कम भरली असणार. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक मालकासाठी 11 टक्के दर आहे. बरेच जण इथे सौद्याच्या साडेतीन लाखांवर 11 टक्के काढतात आणि साडेअडतीस हजार बाजूला ठेवतात. हिशेब मात्र मूळ 8 लाखांपासून सुरू होतो. नव्या गाडीला 88 हजार झाले असते. गाडीचं वय पाहून त्यातली काही टक्के रक्कम कमी होते. म्हणूनच पहिल्या खरेदीचं बिल मागून घ्यावं आणि नेमका आकडा आरटीओतून कळल्यावरच किंमत पक्की करावी.

आता एनओसी. या नावाचे दोन कागद असतात आणि विकणाऱ्याने ‘एनओसी आहे’ म्हटलं की घोटाळा होतो. पहिला कागद बँकेचा असतो, कर्ज फिटलं असं सांगणारा. त्यासोबत फॉर्म 35 देऊन आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवून घ्यावा लागतो. दुसरी एनओसी मूळ आरटीओची. ती फॉर्म 28 भरून मिळते आणि अर्जावर चासी नंबरचा पेन्सिलने घासून काढलेला ठसा लागतो. गाडी हजर असल्याशिवाय हा ठसा निघत नाही. म्हणून एनओसीचं काम होण्याआधी गाडी पुण्याला आणायची घाई करू नये. दंडाची थकलेली ई-चलानं आणि विम्याची मुदतही त्याआधीच तपासावी, कारण काम बहुधा तिथेच अडतं.

एनओसीवर एका ठरावीक आरटीओचं नाव असतं. आपल्या गृहस्थांचा पत्ता चिंचवडचा, म्हणून तिच्यावर पिंपरी-चिंचवडचं, एमएच-14चं नाव हवं. एजंटने सवयीने ‘पुणे’ लिहून एमएच-12ची एनओसी काढली, तर ती दुरुस्त करून घेण्यासाठी पुन्हा बंगळुरू गाठावं लागेल.

विकणारा समोर बसलेला असतानाच फॉर्म 29च्या प्रती आणि फॉर्म 30 यांवर त्याच्या सह्या घ्याव्यात. पैसे दिल्यानंतर परगावचा माणूस पुन्हा भेटणं अवघड होतं. दुसऱ्या राज्यात गेलेल्या गाडीला नवा नंबर घ्यायला 12 महिने मिळतात, असं सर्रास सांगितलं जातं. ती सवलत स्वतःची गाडी घेऊन बदलीवर आलेल्या मालकासाठी आहे. गाडी विकत घेणाऱ्याने मालकी नावावर करण्याचा अर्ज 30 दिवसांत द्यायचा असतो. त्यासोबत नव्या नंबरसाठी फॉर्म 27 जातो, आरटीओत गाडीची तपासणी होते, कर भरला जातो आणि मग एमएच-14चा नंबर मिळतो. विमा कंपनीला मालक आणि नंबर दोन्ही बदलल्याचं कळवावं. जुन्याच नावावर चाललेल्या विम्यावर अपघाताचा दावा लढवणं फार त्रासाचं जातं.

सर्वात जास्त वाद परताव्यावर होतात. महाराष्ट्राचा कर भरला म्हणून कर्नाटकातले पैसे आपोआप परत येत नाहीत. त्यासाठी जयनगर आरटीओत वेगळा अर्ज करावा लागतो, सोबत नवी आरसी, एनओसीची प्रत, मूळ कराची पावती आणि महाराष्ट्रात कर भरल्याचा पुरावा. रक्कम उरलेल्या काळानुसार ठरते आणि गाडी जुनी होत जाते तशी घटते. सहा-सात वर्षांच्या गाडीवर 1 लाख 12 हजारांची आस धरणं व्यर्थ आहे.

हे पैसे कोणाचे? कर भरला बंगळुरूच्या मालकाने, दुसऱ्यांदा कर भरायची वेळ मात्र चिंचवडच्या गृहस्थांवर आली. कागद जुन्या मालकाच्या नावाचे असल्यामुळे परताव्यासाठी त्याची सही आणि त्याचंच बँक खातं मागितलं जाण्याची शक्यता असते. तोंडी ‘आले की देतो’ यावर हे सोडू नये. परतावा कोणाला मिळणार, हे विक्रीच्या करारात लिहावं आणि परताव्याच्या अर्जावर त्याच दिवशी सही घ्यावी. विकणारा तयार नसेल, तर परताव्याची अपेक्षित रक्कम साडेतीन लाखांतून आधीच वजा करून बोली लावावी.