तोंड धुण्याचा अतिरेक

गेल्या वर्षी दिवाळीच्या पंधरा दिवस आधी माझी भाची आमच्याकडे मारुंजीला राहायला आली. हिंजवडीला तिची नोकरी. सकाळी स्कूटरवरून जायचे, संध्याकाळी धूळ खात परतायचे. स्वभावाने पोर मोठी टापटिपीची! सकाळी उठल्यावर, आंघोळीच्या वेळी, कचेरीत पोचल्यावर, दुपारी, घरी आल्यावर आणि निजण्यापूर्वी असे सहा वेळा ती तोंड धूत असे. घरी असली की गीझरचे वाफाळते पाणी, आणि दर वेळी साबण.

आठवडाभरात तिचे गाल लालसर दिसू लागले. "मावशी, तोंड कसं ताणल्यासारखं होतं गं! आणि नेहमीचं क्रीम लावलं तरी चुणचुणतं," ती म्हणाली. यावर तिचा उपाय काय? तर आणखी एकदा तोंड धुणे!

शेवटी मीच तिला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी गालांकडे पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "दिवसातून किती वेळा धुता?" आकडा ऐकून त्या हसल्या. "तोंड ताणलं म्हणजे स्वच्छ झालं असं तुम्हाला वाटतं ना? ती स्वच्छतेची खूण नव्हे, ती त्वचेची तक्रार आहे."

मग त्यांनी समजावून सांगितले ते असे. त्वचेचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. विटा म्हणजे वाळलेल्या पेशी, आणि त्यांच्यामधला चुना म्हणजे एक प्रकारचा स्निग्ध पदार्थ. हा चुना आतला ओलावा बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरचे त्रासदायक पदार्थ आत येऊ देत नाही. तुपाचे भांडे कढत पाण्याने आणि साबणाने कसे लख्ख निघते, तसाच हा चुनाही थोडा थोडा निघून जातो. मग ओलावा उडतो, कातडी आक्रसते आणि एरवी सोसणारे क्रीमसुद्धा झोंबते. शिवाय गरम पाण्याने रक्तवाहिन्या फुलतात, त्यामुळे लाली वाढते.

साबणाचे आणखी एक आहे. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तर नेहमीचा साबण अल्कधर्मी. प्रत्येक धुण्यानंतर त्वचेला मूळ स्थितीवर यायला काही तास लागतात. ती सावरते न सावरते तोच पुढची धुलाई! त्यातून आमच्या सोसायटीत टँकरचे आणि बोअरचे जड पाणी. अशा पाण्यात साबणाला फेस कमी येतो आणि त्याचा चिकट साका कातडीवर राहतो. नळाच्या तोटीवर पांढरे थर दिसत असतील तर पाणी जड आहे असे खुशाल समजावे.

"पण कपाळ तर तेलकट होतं!" भाचीने शंका काढली. त्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तेल किती सुटायचं हे मुख्यतः शरीरातल्या संप्रेरकांवर ठरतं. धुतल्याने ते तेवढ्यापुरतं पुसलं जातं, थांबत नाही. दुपारी कपाळ साध्या मऊ रुमालाने टिपा, पुरे."

नवा नेम असा ठरला: तोंड दिवसातून दोनदा धुवायचे. सकाळी नुसते पाणी. संध्याकाळी घरी आल्यावर साबणविरहित सौम्य द्रव, तोही बोटांच्या टोकांनी, अर्धा मिनिटभर. फार घाम आला तर तिसऱ्यांदा नुसते पाणी. पाणी कोमट, म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूवर ना गरम ना गार वाटेल असे. टॉवेलने घासायचे नाही, टिपायचे. आणि त्वचा ओलसर असतानाच बिनवासाचे साधे क्रीम लावायचे.

चार-पाच दिवसांत चुणचुण थांबली. लाली जायला मात्र तीन आठवडे लागले. आपलेही धुणे अति होते की काय, हे पाहायचे असेल तर एक दिवस तोंड धुऊन काहीही न लावता अर्धा तास थांबा. कातडी ताणली किंवा झोंबली, तर पाण्याची ऊन कमी करा, साबण बदला, खेपा घटवा. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, खवले सुटले, पुटकुळ्या आल्या, तर दुखणे निराळे असू शकते, डॉक्टरांना दाखवा. औषधाच्या दुकानातून कुणाच्या सांगण्यावरून ट्यूब मात्र आणू नका. अशा काही मलमांत स्टेरॉइड असते. आठ दिवस चेहरा छान दिसतो आणि मग जन्माची कटकट मागे लागते.

नरकचतुर्दशीला पहाटे मी भाचीला तेल लावले. उटण्याची वाटी पुढे केली, तशी ती म्हणाली, "मावशी, हातापायांना हवं तेवढं चोळ. चेहरा यंदा सुट्टीवर आहे!" अंगावर तिने कढत पाणी घेतले, पण तोंडासाठी शेजारी कोमट पाण्याचा वेगळा तांब्या भरून ठेवला होता.