एमआरपी 118 रुपये, मग दुकानदाराला उरतात किती?

माझ्या मामाचं सांगलीत किराणा दुकान आहे. मागच्या दिवाळीत मी काउंटरवर बसलो होतो, तेव्हा एका मुलाने मोबाइल पुढे केला. एक किलो वॉशिंग पावडर, पाकिटावर एमआरपी 118, ॲपवर मात्र 94. "काका, तुम्ही 118 कसे काय लावता?" मामा म्हणाला, "अरे, मलाच 107 ला पडतंय." त्या मुलाला ते अजिबात पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. म्हणून मी डिस्ट्रिब्युटरचं बिल काढून बसलो.

आपल्याला वाटतं की कंपनी आधी खर्च काढते, मग त्यात एकेकाचं मार्जिन मिळवत एमआरपीपर्यंत पोहोचते. प्रत्यक्षात बऱ्याचदा हिशेब उलटा चालतो. गिऱ्हाईक किती देईल, शेजारचा ब्रँड केवढ्याला आहे, हे बघून आधी एमआरपी ठरते आणि मग एकेकाचा वाटा वजा करत मागे यायचं. आपणही तसंच मागे जाऊ. या पावडरवर जीएसटी 18 टक्के आहे. दुकानदाराला त्याच्या खरेदीवर 10 टक्के आणि डिस्ट्रिब्युटरला त्याच्या खरेदीवर 5 टक्के मिळतात असं धरू.

```
118 / 1.18   = 100.00   (एमआरपीतून जीएसटी काढला)
100 / 1.10   =  90.91   (दुकानदाराची खरेदी)
90.91 / 1.05 =  86.58   (डिस्ट्रिब्युटरची खरेदी)
```

इथे बहुतेक जण 118 मधून सरळ 18 टक्के वजा करतात आणि 96.76 वर येतात. ते चुकीचं आहे. एमआरपीत कर आधीच मिसळलेला असतो, त्यामुळे वजाबाकी नाही, भागाकार करायचा.

आता पुढच्या दिशेने या. कंपनी 86.58 वर कर लावून डिस्ट्रिब्युटरला 102.16 चं बिल देते. कच्चा माल, पॅकिंग, ट्रकभाडं, टीव्हीवरची जाहिरात आणि कंपनीचा नफा, हे सगळं त्या 86.58 मध्येच बसवायचं असतं. डिस्ट्रिब्युटर आपले 4.33 घालून मामाला 90.91 चा रेट लावतो. त्यावर सीजीएसटी आणि एसजीएसटी मिळून 16.36, म्हणजे बिल 107.27. मामा खोटं बोलत नव्हता!

प्रत्येक टप्प्यावर 18 टक्के लागतात, म्हणून कर तिप्पट होतो का? नाही. मामाने 118 ला विकलं की त्यात 18 रुपये कर येतो. पण खरेदीच्या वेळी भरलेले 16.36 त्याला वळते करून मिळतात, म्हणून तो सरकारला फक्त 1.64 भरतो. डिस्ट्रिब्युटर 78 पैसे भरतो. उरलेले 15.58 कंपनीकडून आलेले असतात. बेरीज केली की बरोबर 18.

म्हणजे मामाचे खरे सुटतात 9 रुपये 9 पैसे. त्यातून दुकानाचं भाडं, वीज, उधारी, उंदराने कुरतडलेली पाकिटं. त्याने 8 रुपये सोडून 110 ला दिलं तर? करासकट हिशेब केला की हातात 2.31 राहतात.

आणि ॲपचे 94? कर काढला की 79.66. डिस्ट्रिब्युटर ज्या भावाने घेतो त्यापेक्षाही हे जवळपास सात रुपयांनी कमी आहे. मोठी साखळी किंवा ॲप कंपनीकडून थेट माल उचलतं, त्यामुळे डिस्ट्रिब्युटरचा वाटा वाचतो. वर मोठ्या ऑर्डरची स्कीम असते, ठळक जागी माल दाखवायचे वेगळे पैसे मिळतात, आणि कधीकधी गिऱ्हाईक ओढायला सरळ तोटा सोसला जातो. मामाच्या बिलावर यातलं काहीच नसतं.

आणखी एक शक्यता असते, ती म्हणजे एमआरपीच फुगवलेली असणं. एमआरपी ही फक्त वरची मर्यादा आहे. दुकानात त्यापेक्षा जास्त घेता येत नाही, 'कूलिंग चार्ज' म्हणूनसुद्धा नाही. पण ती खर्चाच्या किती पट असावी, यावर साबण-पावडरसारख्या वस्तूंना बंधन नाही. सरकार कमाल किंमत ठरवून देतं ती ठरावीक औषधांची. तिथे किरकोळ विक्रेत्याचं 16 टक्के मार्जिनही हिशेबात धरलेलं असतं. त्यामुळे '60% ऑफ' दिसलं की टक्के बघू नका. पाकिटावरचं निव्वळ वजन बघा, आणि हातात पडणारी किंमत त्याला भागून दोन ब्रँड शेजारी ठेवा. 10 रुपयांच्या पाकिटांत तर हे हमखास करा, कारण तिथे खर्च वाढला की एमआरपी हलत नाही, ग्रॅम कमी होतात.

हा हिशेब मी मामाला वहीच्या मागच्या पानावर लिहून दिला. आता कुणी मोबाइल दाखवला की तो 112 पर्यंत खाली येतो, तेव्हा त्याला चार रुपये सुटतात. त्याच्या खाली मात्र म्हणतो, "बाबा, तिकडूनच मागव."