इशारा कोणता, आवाज कोणता?

२०१६ साली ‘शिकागो ट्रिब्यून’च्या बातमीदारांनी २५५ औषध दुकानांची परीक्षा घेतली. एकत्र घेतल्यास धोका होईल अशा औषधांच्या जोड्या त्यांनी मागितल्या. ५२ टक्के दुकानांनी चकार शब्द न काढता त्या हातात ठेवल्या.

औषध दुकानातलं सॉफ्टवेअर अशा वेळी इशारा देतं. पण ते इतक्या वेळा इशारा देतं, की फार्मासिस्टचं बोट न वाचताच तो बंद करायला सरावतं. त्याला मी एकट्या फार्मासिस्टचा निष्काळजीपणा म्हणणार नाही. कुठेतरी नोंदलेली प्रत्येक जोडी यादीत घालणं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना सुरक्षित वाटतं. एखादी सुटली तर ठपका येतो, जास्त झाल्या तर कोणी विचारत नाही.

समजा, सत्तरीच्या एका आजी रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हृदयासाठी स्पायरोनोलॅक्टोन घेतात. दोन्हींनी रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून दर महिन्याला तोच इशारा झळकतो. डॉक्टरांनी जोडी जाणूनबुजून दिली आहे, रक्ततपासणी वेळच्या वेळी होते, पोटॅशियम ४.६ आहे. इथे इशाऱ्याने नवं काहीच सांगितलेलं नाही.

आता आजींना लघवीचा संसर्ग होतो आणि कोट्रायमोक्साझोल लिहून मिळतं. पडद्यावर पुन्हा पोटॅशियमचाच इशारा, त्याच रंगात. मात्र या वेळी तो जिवावरचा आहे. कोट्रायमोक्साझोलमधलं ट्रायमेथोप्रिम मूत्रपिंडातून पोटॅशियम बाहेर पडू देत नाही. काही दिवसांतच ते इतकं वाढू शकतं की हृदयाची लय बिघडते. आजींना आधी काही जाणवेलच असं नाही.

म्हणून फार्मासिस्टने पाहायचं ते हे: आज नवं काय आलं? या माणसाचं वय, मूत्रपिंड, शेवटची तपासणी काय सांगते? आणि आत्ता काही करता येईल का? आजींच्या बाबतीत येतं. डॉक्टरांना फोन करून दुसरं प्रतिजैविक मागता येतं. मूत्रपिंड ठीक असेल तर साध्या संसर्गाला नायट्रोफ्युरँटॉइन चालतं. कधी उपाय याहून सोपा असतो: थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर ठेवलं की झालं.

सॉफ्टवेअरमध्येही ही निवड करता येते. बोस्टनमधल्या दोन रुग्णालयांची तुलना २००९ साली प्रसिद्ध झाली. एकाने इशाऱ्यांच्या तीन पायऱ्या केल्या होत्या: सर्वांत घातक जोडी पुढे जाऊच देत नसे, मधली कारण विचारी, किरकोळ नुसती कोपऱ्यात दिसे. तिथे अतिगंभीर इशारे सगळेच्या सगळे पाळले गेले. सरसकट इशारे देणाऱ्या दुसऱ्या रुग्णालयात हे प्रमाण ३४ टक्के होतं.

पण पायऱ्या कितीही नीट केल्या, तरी दुसऱ्या दुकानातून आणलेली गोळी पडद्यावर दिसत नाही. नवं औषध घेताना चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी काउंटरवर दाखवा, आणि ‘यांच्यासोबत हे चालेल ना?’ असं स्वतःहून विचारा.