फोनवर वाचता येणारी स्लाइड

पॉवरपॉइंटची नेहमीची रुंद स्लाइड ५४० पॉइंट उंच असते. उभ्या धरलेल्या फोनवर तिची उंची जेमतेम पावणेचार सेंटीमीटर उरते. म्हणजे १८ पॉइंटची ओळ सव्वा मिलिमीटरची होते आणि अनुस्वार, रफार आधी पुसट होतात. ३२ पॉइंटचा मजकूर सव्वादोन मिलिमीटरचा दिसतो. तो वाचता येतो.

पूर्ण पडदाभर स्लाइड दाखवताना स्केलिंग वाढवून काहीच साधत नाही, कारण स्लाइड पडद्याएवढीच राहते. एक्सेलची खिडकी दाखवताना मात्र १५० टक्के स्केलिंगने अक्षरे खरोखर मोठी होतात. फोर-के पडद्याचे चित्र कॉलमध्ये बहुधा आकसून जाते, म्हणून १९२० × १०८० पुरेसे. कॉलला दुसऱ्या फोनवरून जोडून एकदा वाचून पाहावे.