मदुराईच्या मंडपात ‘आपण’

भाच्याचं लग्न ठरलं ते मदुराईच्या मुलीशी. दोघं पुण्यात एकाच कंपनीत, आपसात इंग्रजी बोलणारी. लग्नाला महिनाभर असताना त्यानं मला फोन केला, “मामा, रिसेप्शनला मी तमिळमध्ये दोन शब्द बोलणार आहे, सासरच्यांचे आभार मानायला. तू चेन्नईत राहिला आहेस, जरा बघशील का?” त्यानं पाठवलेला कागद मी वाचला. त्यात एकही चूक नव्हती, आणि तरीही तो मोठ्यानं वाचला असता तर मंडपातल्या लोकांना आकाशवाणीच्या बातम्या लागल्यासारखं वाटलं असतं.

तमिळचं हे दुखणं आधी समजून घ्यावं लागतं. लिहायची तमिळ आणि बोलायची तमिळ यांच्यातलं अंतर आपल्या प्रमाण मराठी आणि घरच्या बोलीतल्या अंतरापेक्षा बरंच मोठं आहे. क्रियापदांचे प्रत्यय बदलतात, शब्दच्या शब्द आखडतात. आल्याबद्दल खूप आभार हे पुस्तकी तमिळमध्ये ‘वन्ददऱ्कु मिक्क नन्ड्रि’ असं होतं. तेच घरात, गल्लीत, मंडपात ‘वन्ददुक्कु रोंब नन्ड्रि’. भाच्याचा कागद शब्दकोश आणि व्याकरणाचं पुस्तक घेऊन तयार झालेला, म्हणजे सगळा ‘मिक्क’च्या जातीचा. व्यासपीठावरच्या पुढाऱ्याला ती भाषा शोभते. जावयाच्या तोंडी ती परकी वाटते, कारण घरी येणारा माणूस तशी बोलत नाही.

मी त्याला म्हटलं, हा कागद फाड, आणि तुला जे म्हणायचं आहे ते आधी मराठीत लिही. इंग्रजीत अजिबात नको. त्याला वाटलं, मामाचा मराठी बाणा जागा झाला. पण कारण साधं होतं. मराठी आणि तमिळ ही दोन वेगळी कुळं असली तरी वाक्याची घडण इतकी सारखी आहे की कित्येक वाक्यं शब्दाला शब्द ठेवून उचलता येतात. ‘मला तमिळ अजून नीट येत नाही’ हे घ्या. तमिळमध्ये ‘एनक्कु तमिऴ इन्नुम् सरिया वरादु’. एनक्कु म्हणजे मला, इन्नुम् म्हणजे अजून, सरिया म्हणजे नीट, आणि वरादु म्हणजे येत नाही. आपल्याकडे भाषा ‘येते’, त्यांच्याकडेही ती येतेच. इंग्रजीतून निघालात तर आधी ‘मी’ला कर्ता करायचा, क्रियापद मधे आणायचं आणि मग सगळं उलटंपालटं करत तमिळच्या जागी पोचायचं. मराठीतून हा घाट चढावाच लागत नाही.

हे वाक्य आम्ही सुरुवातीलाच ठेवलं. त्याला जोडून ‘तप्पु इरुंदा मन्निच्चुकोंग’, चूक झाली तर माफ करा. पहिलं ‘एल्लारुक्कुम् वणक्कम्’ म्हटल्याबरोबर टाळ्या आणि शिट्ट्या पडणार हे ठरलेलं असतं, आणि त्या आवाजात दुसरं वाक्य बुडतं. म्हणून तिथे मनात पाच अंक मोजायचे आणि मगच पुढे जायचं, असं मी त्याला बजावलं.

नंतर प्रश्न आला हाक मारण्याचा. मुलीकडे सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना अत्तै म्हणतात. भाचा गोंधळला, “मामा तर तू आहेस.” मग त्याला त्याच्या पणजीची आठवण करून दिली. ती सासऱ्यांना मामंजी आणि सासूला आत्याबाई म्हणायची. मामाच्या किंवा आत्याच्या घरी मुलगी देण्याची रीत जिथे होती तिथे सासरा हा मामाच असायचा आणि सासू ही आत्या. तमिळ ‘अत्तै’ म्हणजेही मुळात वडिलांची बहीण. आपल्याकडे ही संबोधनं पुसट होत गेली, तिकडे ती रोजच्या बोलण्यात आहेत. मात्र घराघरांत फरक असतो, विशेषतः तमिळ ब्राह्मण घरांतली बोली बरीच वेगळी. तिथे ‘या’ म्हणताना ‘वांग’ऐवजी ‘वांगो’ ऐकू येतं आणि घराला ‘वीडु’ऐवजी ‘आत्तु’ म्हणतात. त्यामुळे पुस्तकातून संबोधन उचलू नये, मुलीला विचारावं.

पण मुलीकडून भाषा शिकण्यातही एक खड्डा आहे. आपल्याकडे परप्रांतीय जावई बायकोचं ऐकून मराठी शिकला की बिनधास्त ‘मी आले’ म्हणतो आणि घरभर हसू होतं. तमिळमध्ये तो धोका नाही. ‘नान् वन्देन्’ हे पुरुषानंही म्हणायचं आणि बाईनंही. खड्डा आहे तो ‘तू’चा. तमिळ मुली आईला बहुधा ‘नी’ म्हणजे तू म्हणतात आणि वडिलांना ‘नींग’ म्हणजे तुम्ही. आपल्या जुन्या घरांत होतं तसंच. भाच्यानं फोनवरची बोलणी ऐकून ऐकून सासूबाईंसाठी ‘नी’ उचललं होतं. माईकवर तेवढं एक अक्षर गेलं असतं तर पुढचं काही कुणी ऐकलं नसतं.

उच्चारांपैकी सगळ्यांना भीती असते ती ‘तमिऴ’मधल्या त्या शेवटच्या अक्षराची. जीभ ळसाठी वळवतो तशीच वळवायची, पण टाळूला लागू द्यायची नाही. त्याचं महत्त्व आहे हे खरं. ‘वाल्’ म्हणजे शेपूट, ‘वाळ्’ म्हणजे तलवार आणि ‘वाऴ्’ म्हणजे जगणं. पण माझं मत असं की नवऱ्या मुलानं यावर महिना घालवू नये. मदुराईकडची पुष्कळ माणसं स्वतःच तिथे सरळ ळ म्हणतात, आणि ळ तर आपल्या घरचा.

खरी फजिती होते ती साध्या ‘ए’मुळे, ज्याची भीती कुणालाच नसते. तमिळमध्ये आखूड ए आणि लांब ए असे दोन स्वतंत्र स्वर आहेत. ‘ऎन् मामा’ आखडून म्हटलं तर माझे मामा, आणि ‘ए’ लांबवला तर ‘का हो मामा?’ आपल्या नेहमीच्या देवनागरीत दोन्ही ‘एन्’ असंच लिहिलं जातं, आणि कागदावरून वाचणारा मराठी माणूस हमखास लांबवतो. उलट, ‘अत्तैंनी विचारलं’ म्हणायला ‘केट्टांग’ लागतं, त्यातला के लांबच हवा. पुढे जोडाक्षर आहे म्हणून आपली जीभ तो आखडते, आणि मग अर्थ होतो की अत्तै वाया गेल्या. आम्ही कागदावर लांब एच्या खाली लाल रेघ ओढली आणि मुलीच्या काकांच्या आवाजात सगळा मजकूर फोनवर ध्वनिमुद्रित करून घेतला. त्यानंतर भाच्यानं कागद फक्त खिशात ठेवण्यापुरता वापरला.

आता आभार. त्याच्या मसुद्यात प्रत्येक ओळीला ‘नन्ड्रि’ होतं. पाहुण्यांना ते ठीक, पण घरातल्या माणसाला तमिळ माणूस ‘नन्ड्रि’ सहसा म्हणत नाही. आपणही आईनं ताट वाढल्यावर ‘धन्यवाद’ म्हणत नाही, म्हटलंच तर ती विचारेल, बरं आहे ना? म्हणून पाहुण्यांसाठी एक ‘नन्ड्रि’ ठेवला आणि सासूसासऱ्यांसाठी एक प्रसंग. पहिल्या दिवशी तो त्या घरी गेला तेव्हा अत्तैंनी दारातच विचारलं होतं, ‘साप्टींगळा?’ जेवलात का? तेव्हा त्याला तमिळचा एक शब्द कळत नव्हता, पण हा कळला. एवढंच सांगायचं आणि म्हणायचं, ‘इद मरक्क माट्टेन्’, हे मी विसरणार नाही. ‘तुमची मुलगी मला दिलीत’ हे वाक्यही मसुद्यात होतं. ते मुलीनं स्वतःच खोडलं. “मला कुणी दिलेलं नाही, मी आलेय,” असं तिचं म्हणणं. शिवाय तमिळनाडूत रिसेप्शन पुष्कळदा मुहूर्ताच्या आदल्या संध्याकाळी असतं, इथेही तसंच होतं. ताली बांधली जायची दुसऱ्या दिवशी सकाळी, मग आदल्या रात्री देण्याघेण्याचं बोलायचं कशाला!

कुणीतरी सुचवलं की तिरुक्कुरळमधला एखादा दोहा घाल. त्या ग्रंथात उपकार स्मरण्यावर अख्खा अकरावा अध्याय आहे, दहा दोहे, आणि शाळेत गेलेल्या तमिळ माणसाला त्यातला एखादा तरी पाठ असतो. नेमकं म्हणूनच मी नको म्हटलं. पाठ असलेल्या ओळीत लोक फक्त चूक शोधतात.

शेवटच्या वाक्यासाठी मात्र मी हट्ट धरला. पहिल्या मसुद्यात, इंग्रजीवरून आलेलं, असं होतं: ‘इनिमे नांग ओरे कुडुंबम्’. त्याला म्हणायचं होतं, यापुढे आपण एकच कुटुंब. पण ‘नांग’ म्हणजे आम्ही, ऐकणाऱ्याला वगळून. मंडपातल्या शेदोनशे सासरच्या माणसांना तो सांगणार होता की यापुढे आम्ही एक कुटुंब आहोत, तुम्ही नाही. हवं होतं ‘नाम’, ऐकणाऱ्याला धरून. इंग्रजीत हा भेद नाही, हिंदीच्या ‘हम’मध्येही नाही. मराठीत आहे, गुजरातीत आहे, आणि तमिळमध्ये तर त्यावर सगळा आपपरभाव तोलला जातो. ‘एंग वीडु’ आमचं घर, ‘नम्म वीडु’ आपलं घर. मराठी मुलाला हे शिकवावं लागत नाही, फक्त ‘आम्ही का आपण?’ एवढं स्वतःला विचारावं लागतं. ‘इनिमे नाम ओरे कुडुंबम्.’ यापुढे, आपण, एकच, कुटुंब. त्याच क्रमानं, आणि कुटुंब तर आपलंच.

रंगीत तालीम मुलीच्या आजीसमोर, फोनवर झाली. कसोटी अशी ठरवली होती की आजीनं नातीला ‘काय म्हणाला?’ असं विचारलं तर ते वाक्य मोडून नव्यानं करायचं. दोन वाक्यं अशी पडली, दोन्ही लांब होती. उरलं ते सव्वा मिनिटाचं. मंचावर फोटोची रांग एकदा लागली की माईक कुणाच्या हाती राहत नाही, आणि नादस्वरम् सुरू असेल तर बोलणंच खुंटतं. त्यामुळे वादकांना आधी सांगून, रांग सोडण्यापूर्वीच त्यानं बोलून घेतलं.

‘साप्टींगळा’ला लोक हसले, तिथे हसायलाच हवं होतं. ‘नाम’ला सासरे मान डोलावताना दिसले. मग अत्तै पुढे झाल्या, त्याचा हात हातात घेतला आणि अस्सल मदुराईच्या वेगानं काहीतरी बोलू लागल्या, चांगली पाचसहा वाक्यं. भाच्यानं माझ्याकडे पाहिलं, मी लांब होतो. मग त्यानं पाठ केलेल्यातलं जे हाताशी लागलं तेच म्हटलं, “अत्तै, एनक्कु तमिऴ इन्नुम् सरिया वरादु.”